लिथियम-घटातील द्रव : मीठ, द्रावक आणि साय



लिथियम-घट आता आपल्या सर्वांच्या घरात आला आहे. खिशातल्या दूरध्वनीत तो आहे, मुलांच्या खेळण्यात आहे, दारात उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरमध्ये तर शेकड्यांनी आहे. त्याच्याविषयी दोन तक्रारी आपण ऐकतो. एक, थंडीत तो मंदावतो. आणि दुसरी, कधी कधी तो पेट घेतो. या दोन तक्रारी परस्परांपासून फार दूरच्या वाटतात. एक गारठ्याची आणि एक आगीची. परंतु दोहोंचे मूळ पुष्कळ अंशी एकाच ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे घटात भरलेला द्रव. आजचे माझे बोलणे त्या द्रवापुरतेच मर्यादित राहील.

प्रथम घटाची रचना दोन वाक्यांत सांगतो. एका बाजूस तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्या जातीच्या कोळशाचा, लेप असतो. दुसऱ्या बाजूस ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एखाद्या धातूच्या ऑक्साइडचा लेप असतो. आणि मध्ये सुमारे २० मायक्रॉन जाडीचा, सूक्ष्म छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा असतो. घट भारित करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघतात, द्रवातून पोहत पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांच्या फटींत शिरून बसतात. घट वापरताना ते त्याच वाटेने परत येतात. इलेक्ट्रॉन मात्र द्रवातून जात नाहीत. ते बाहेरच्या तारेतून जातात, आणि आपला दिवा लावतात.

म्हणजे द्रवाचे काम काय, तर आयनांना वाट देणे आणि इलेक्ट्रॉनांना वाट न देणे. आपल्या मोटारीतल्या शिशाच्या बॅटरीत हेच काम पाणी घातलेले गंधकाम्ल करते, आणि फार उत्तम करते. मग लिथियम-घटात पाणी का चालत नाही? कारण पाण्याची ताकद तोकडी आहे. सिद्धांताप्रमाणे सव्वा व्होल्टच्या आसपास दाब दिला की पाण्याचे प्राणवायू आणि हायड्रोजन असे तुकडे होऊ लागतात. शिशाच्या पृष्ठावर ही क्रिया फार रेंगाळते म्हणून शिशाचा घट दोन व्होल्टपर्यंत तग धरतो. लिथियम-घट भरला म्हणजे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्या दाबापुढे पाणी टिकत नाही. तेव्हा पाणी सोडून तेलासारख्या सेंद्रिय द्रवाकडे वळावे लागले. आजच्या विषयातल्या सगळ्या अडचणींचा उगम या एका निर्णयात आहे. पाणी पेटत नाही, सेंद्रिय द्रव पेटतो. शिवाय आयन वाहून नेण्याच्या कामात हा द्रव मोटारीतल्या आम्लापेक्षा सत्तर-ऐंशी पटींनी कमी पडतो. म्हणून तर दोन पत्रे इतके जवळ ठेवून, लांबच लांब पट्ट्या करून, त्यांची गुंडाळी करावी लागते.

आता हा द्रव कशाचा बनतो ते पाहू. प्रयोगशाळेतून नेहमी आढळणारा एक साधा पाठ घेतो. एक लिटर द्रव करावयाचा आहे असे समजा. त्याचे वजन सुमारे १,२०० ग्रॅम भरते. त्यात १५२ ग्रॅम लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट नावाचे मीठ. राहिलेल्या भागात दोन द्रावक, वजनाने तीनास सात या प्रमाणात : सुमारे ३१५ ग्रॅम एथिलीन कार्बोनेट आणि सुमारे ७३५ ग्रॅम एथिल मेथिल कार्बोनेट. आणि वरून शेकडा दोन या हिशेबाने, म्हणजे चोवीसएक ग्रॅम, व्हायनिलीन कार्बोनेट. हे शेवटचे म्हणजे फोडणीतल्या हिंगाप्रमाणे. प्रमाण थोडे, पण नसले तर सारा बेत बिघडतो.

हे दोन द्रावक कशासाठी? एकाने भागत नाही म्हणून. पहिला, एथिलीन कार्बोनेट, हा मीठ विरघळवण्यात पटाईत आहे. मिठाचे धन आणि ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांची पकड सैल करण्याची शक्ती या द्रावकात पाण्याहूनही थोडी अधिकच आहे. पण त्याचा एक मोठा दोष आहे. तो ३६ अंश सेंटिग्रेडला थिजतो. आपले खोबरेल तेल पौषात बाटलीत गोठून बसते. हा पदार्थ मुंबईच्या एरवीच्या दिवशीसुद्धा बरणीत पांढरा खडा होऊन बसलेला असतो. केवळ त्याच्यावर घट चालवायचा म्हटले तर उन्हाळ्याखेरीज चालणार नाही.

दुसरा, एथिल मेथिल कार्बोनेट, याच्या नेमका उलट. तो पाण्यासारखा पातळ आहे आणि उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पण मीठ विरघळवण्याची त्याची शक्ती बेताचीच. दोघांना एकत्र केले म्हणजे एकाने आयन मोकळे करावयाचे आणि दुसऱ्याने त्यांना धावायला मोकळी वाट द्यावयाची, अशी वाटणी होते. शिवाय मिश्रणाचा गोठणबिंदू घटकांपेक्षा खाली उतरतो. पॉटचे आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालून आपण हाच गुण वापरतो.

येथे चौकस श्रोता विचारील, की थिजणारा द्रावक घ्यावाच कशाला? मीठ चांगले विरघळवणारा आणि न थिजणारा असा दुसरा नाही काय? आहे. एथिलीन कार्बोनेटचा सख्खा भाऊ, प्रॉपिलीन कार्बोनेट. दोहोंच्या रेणूत फरक एवढाच, की भावाच्या अंगावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा एक लहानसा गट अधिक लटकलेला आहे. हा भाऊ उणे ४९ अंशांपर्यंत द्रव राहतो. सर्व दृष्टींनी तोच निवडावा असा. आणि प्रारंभी संशोधकांनी तोच निवडला होता. पण १९७० साली डे आणि सुलिव्हन या दोघांनी प्रसिद्ध केले, की या द्रवात ग्रॅफाइट ठेवून विद्युत्प्रवाह सोडला तर लिथियम आत शिरण्याऐवजी द्रावकच फुटत राहतो आणि वायू निघत राहतो. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत आयनाबरोबर द्रावकाचे रेणूही घुसतात आणि पापुद्रे सुटे होऊन त्याची भुकटी होऊन जाते. जपानात अकिरा योशिनो यांनी १९८५ च्या सुमारास घट सिद्ध केला तेव्हा त्यांनी ग्रॅफाइट टाळून पेट्रोलियमचा कोक वापरला. त्याची रचना अव्यवस्थित असल्याने तो असा सोलला जात नाही. १९९१ साली सोनी कंपनीने घट बाजारात आणला तोही अव्यवस्थित रचनेच्या अशाच कार्बनावर. ग्रॅफाइटात लिथियम अधिक मावते हे ठाऊक असूनही त्याला हात लावता येत नव्हता.

तिढा सुटला तो त्या थिजणाऱ्या भावामुळे. कॅनडातील फाँग, फॉन साकेन आणि डॅन या तिघांनी १९९० साली दाखवून दिले, की एथिलीन कार्बोनेट असलेल्या द्रवात ग्रॅफाइट शाबूत राहते. तेथेही पहिल्या भारणात द्रावक फुटतोच. पण फुटून जे तुकडे होतात ते ग्रॅफाइटच्या पृष्ठावर चिकटून बसतात आणि त्यांचा एक पातळ थर तयार होतो. हा थर लिथियमच्या आयनांना जाऊ देतो, पण इलेक्ट्रॉनांना अडवतो. इलेक्ट्रॉन मिळेनासे झाले की पुढचा द्रावक फुटायचा थांबतो. दुधावर साय धरली की खालच्या दुधाचा वाऱ्याशी संबंध तुटतो, तसे हे आहे. भावाच्या रेणूचे तुकडे चिकटून राहत नाहीत, म्हणून त्याला साय धरत नाही. एका लटकत्या गटाने एवढा फरक पडला, आणि पुढचे सगळे घट या सायीवर उभे राहिले. १९७९ साली पेलेड यांनी धातुरूप लिथियमवरच्या अशा थराचे तत्त्व मांडून त्याला एक भारदस्त शास्त्रीय नाव दिले होते. आपण आज त्याला सायच म्हणू.

ही साय घट कारखान्यात असतानाच धरवावी लागते. पहिले भारण मुद्दाम अगदी सावकाश करतात, आणि त्यात घटातले शेकडा पाच ते दहा लिथियम सायीत कायमचे अडकून जाते. तेवढी पुंजी विक्रीपूर्वीच खर्ची पडलेली असते. मग चिमूटभर व्हायनिलीन कार्बोनेट कशाला? तर ते मुख्य द्रावकाच्या आधी फुटते. कढईत घातलेल्या जिन्नसांपैकी एक आधी तडतडावा तसे ते थोड्या कमी दाबालाच फुटते आणि लवचीक, प्लॅस्टिकसारख्या साखळ्यांची साय आधी अंथरून ठेवते. ग्रॅफाइट लिथियम घेताना किंचित फुगते आणि सोडताना आकसते. कडक साय तडकेल, ही तडकत नाही. त्यामुळे घटाचे आयुष्य वाढते. पण तेच पूरक अधिक घातले तर साय जाड होते आणि आयनांना तिच्यातून जायला अधिक कष्ट पडतात, विशेषतः थंडीत. म्हणून शेकडा दोनच्या आसपास थांबावयाचे.

आता मिठाकडे वळू. हेच अवघड नावाचे मीठ का निवडले? इतर मिठे पुष्कळ होती. लिथियम परक्लोरेट आयन चांगले सोडते, पण ते प्राणवायूचा साठा आहे. सेंद्रिय द्रवाशेजारी त्याला ठेवणे म्हणजे दारूचे कोठार जवळ करणे. आर्सेनिक असलेले एक मीठ होते. ते विषाच्या भीतीने बाद झाले. आणखी एक मीठ उष्णतेत फार टिकाऊ होते, पण त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा खाऊन टाकला. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट कोणत्याच परीक्षेत पहिले आले नाही. पण कोणत्याच परीक्षेत नापासही झाले नाही. शिवाय ते ॲल्युमिनियमवर एक संरक्षक थर बसवते. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेला हा विद्यार्थी निवडला गेला.

त्याचे एक वैर मात्र आहे, पाण्याशी. या मिठाला पाणी भेटले की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. किती पाणी पुरते ते पाहा. आपल्या एक लिटर द्रवात दशलक्ष भागांत २० भाग ओल राहिली, म्हणजे १,२०० ग्रॅमांत २४ मिलिग्रॅम, अर्धा थेंबसुद्धा नव्हे. एवढे पाणी पूर्णपणे कामी आले तर सुमारे ५३ मिलिग्रॅम आम्ल होते. आणि गोष्ट तेथे संपत नाही. हे आम्ल सायीतल्या कार्बोनेटला खाते, आणि त्या क्रियेत पुन्हा पाणी बाहेर पडते. ते पाणी पुन्हा मिठाला भेटते. व्याज मुदलात जमा होत जावे तसा हा प्रकार आहे. म्हणून घटाचा द्रव भरण्याची खोली अत्यंत कोरडी राखावी लागते. आणि या मिठाला उष्णताही सोसत नाही. द्रवात ६० अंशांच्या वर ते हळूहळू विघटित होऊ लागते. चैत्र-वैशाखात उन्हात बंद मोटारीत ठेवलेला दूरध्वनी लवकर म्हातारा होतो, त्याचे एक कारण हे आहे.

आता पहिल्या तक्रारीकडे येऊ, थंडीच्या. सामान्यतः असे समजले जाते, की थंडीत द्रव दाट होतो आणि आयन सावकाश पोहतात. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. आपण सांगितलेल्या पाठाचा द्रव २५ अंशांवरून उणे २० अंशांवर नेला तर त्याची वाहकता तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. घट मात्र याहून कितीतरी अधिक मंदावतो. तेव्हा दुसरे काहीतरी आडवे येत असले पाहिजे.

ते असे. द्रवात लिथियमचा आयन एकटा फिरत नाही. द्रावकाचे साधारण चार रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगलेले असतात. ग्रॅफाइटात शिरताना सायीच्या दारात त्याला हे चारही सोडावे लागतात. आत एकट्यानेच जावयाचे. मीठ चांगले विरघळवणारा द्रावक म्हणजेच आयनाला घट्ट मिठी मारणारा द्रावक, हे उघड आहे. ही मिठी सोडवायला जी ऊर्जा लागते तिच्यावरून हिशेब केला, तर २५ अंशांवरून उणे २० अंशांवर जाताना हे एक पाऊल तीस-चाळीस पटींनी मंदावते असे निघते. रस्ता चौपट खराब झाला हे खरे. पण खरी गर्दी दारात झाली आहे.

या गर्दीचा परिणाम घट वापरताना आणि भरताना वेगवेगळा होतो, आणि हा फरक प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वापरताना फार तर काय होईल, तर दाब पडेल आणि यंत्र लवकर बंद होईल. घट उबेला आणला की राहिलेली वीज पुन्हा मिळते. इजा झालेली नसते. पण थंडीत घट भरताना बाहेरून भारकयंत्र आयनांना ढकलत असते. दार उघडायला वेळ लागतो आणि मागून रेटा चालूच. ग्रॅफाइटाला भरण्याचा दाब धातुरूप लिथियम जमण्याच्या दाबापासून जेमतेम एक दशांश व्होल्ट दूर असतो. एवढे अंतर रेट्याने सहज ओलांडले जाते. मग आयन आत न शिरता दाराबाहेरच धातू होऊन साचतात. या धातूचा काही भाग पुढे परत कामाला येतो. बाकीचा द्रवाशी झटून स्वतःभोवती नवी साय करतो आणि कायमचा निरुपयोगी होतो. आणि वाईटात वाईट म्हणजे तो केसासारख्या टोकांनी वाढून पडदा भेदू शकतो, आणि मग दोन्ही बाजू आतल्या आत एकमेकींना भिडतात. म्हणून शून्य अंशाखाली भारण करू नका, अशी सूचना बहुतेक घटांवर असते. थंडीतली चूक पुढे उन्हाळ्यात आग होऊन भेटते, ती या वाटेने.

हे घडले आहे हे कळावे कसे? घरी कळण्याचा खात्रीचा मार्ग नाही. घटाची साठवण एकाएकी घसरली तर संशय घ्यावा एवढेच. प्रयोगशाळेत भारण थांबवल्यावर दाब कसा उतरतो ते पाहतात. धातू साचला असेल तर दाब एकसारखा न उतरता मध्ये थोडा वेळ पायरीसारखा थबकतो. साचलेला धातू विरघळून आत जात असल्याची ती खूण. आणि निष्क्रिय वायूच्या पेटीत घट उघडला तर डोळ्यांनीच दिसते. पूर्ण भरलेले ग्रॅफाइट सोन्यासारखे पिवळे दिसते. धातू साचला असेल तर त्यावर रुपेरी-करडे डाग असतात. ज्याने हे एकदा पाहिले आहे, त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

थंडीवर उपाय कसा केला याचे एक सुंदर उदाहरण पृथ्वीबाहेर आहे. अमेरिकेने २००४ साली मंगळावर स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन फिरत्या गाड्या उतरवल्या. मंगळावरची रात्र उणे शंभर अंशांच्या आसपास जाते. प्रत्येक गाडीत आठ-आठ घटांच्या दोन माळा होत्या. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मार्शल स्मार्ट, रत्नकुमार बुग्गा आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांच्यासाठी द्रव सिद्ध केला होता. त्यांनी एथिलीन कार्बोनेट एकतृतीयांशावर आणले आणि उरलेल्या दोन भागांत डायएथिल आणि डायमेथिल कार्बोनेट असे दोन पातळ द्रावक समसमान घातले. मीठ तेच, आपण पाहिलेले. तिघांत एक स्वतः ३६ अंशांना थिजतो, दुसरा ५ अंशांना. तरी तिघांचे मिश्रण उणे २० अंशांनाही काम देते. साय धरण्यापुरता पहिला, थंडीत वाहण्यापुरते दुसरे दोन.

तरी द्रवावर सगळा भार टाकला नव्हता, हे लक्षात घ्या. घट गाडीच्या उबदार पेटीत ठेवले होते आणि लहान किरणोत्सारी शेगड्यांनी त्यांना उणे २० अंशांच्या वर राखले जाई. म्हणजे रसायनाने जमेल तितके केले आणि राहिलेले शेगडीने केले. या गाड्या नव्वद मंगळदिवस चालाव्यात एवढीच अपेक्षा होती. ऑपॉर्च्युनिटीचा शेवटचा संदेश १० जून २०१८ रोजी आला, आणि तोसुद्धा धुळीच्या वादळाने सूर्य झाकला म्हणून. पुढे २०१८ साली उतरलेल्या इनसाइट या यानासाठी त्याच प्रयोगशाळेने आणखी एक पाऊल टाकले : द्रवात मिथिल प्रोपिओनेट नावाचा एस्टर मिसळून घट उणे ३० अंशांपर्यंत नेला. हे एस्टर फार पातळ असतात आणि उणे ८० अंशांच्या आसपासही गोठत नाहीत.

मग हाच द्रव आपल्या स्कूटरीत का घालू नये? येथे आपण दुसऱ्या तक्रारीशी, आगीशी, येऊन पोचतो. एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीने किती अंशांना पेट घेऊ लागते, हे मोजता येते. थिजणाऱ्या एथिलीन कार्बोनेटाला त्यासाठी १४० अंशांहून अधिक तापवावे लागते. एथिल मेथिल कार्बोनेटाची वाफ २५ अंशांच्या आसपास, म्हणजे या मंडपातल्या हवेतसुद्धा पेटू शकेल. आणि मंगळावरचा तो एस्टर शून्याखालीच पेट घेण्यास सिद्ध होतो. यात योगायोग नाही. लहान आणि एकमेकांना फारसे न चिकटणारे रेणू असले की द्रव पातळ राहतो आणि गोठत नाही. आणि त्याच कारणाने त्याचे रेणू चटकन वाफ होऊन उडतात. थंडीत जे हवे तेच आगीत नको. मंगळावर जवळपास प्राणवायू नाही, तेथे ही अदलाबदल परवडली. आपल्या जिन्याखाली ती परवडेलच असे नाही.

द्रव पेटला तर किती उष्णता देतो? बोटाएवढा एक घट घ्या, ज्याला व्यवहारात १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यात सुमारे पाच ग्रॅम द्रव असतो. त्यातले मीठ वगळले तर जळणारा भाग साडेचार ग्रॅमांच्या आत. ग्रॅमाला अठराएक किलोज्यूल धरले तर सुमारे ८० किलोज्यूल उष्णता होते. त्याच घटात साठवलेली वीज तीन अँपिअर-तासांच्या हिशेबाने ४० किलोज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे घटात जेवढी वीज आपण भरली, तिच्या दुप्पट उष्णता द्रवाच्या जळण्यात दडलेली आहे. रॉकेलच्या मानाने ही निम्म्याहून कमी; पण घट शेकड्यांनी शेजारी शेजारी असतात.

तथापि आग द्रवापासून सुरू होते असे मात्र नाही. क्रम असा आहे. कोणत्याही कारणाने घट तापला, आत दोन बाजू भिडल्या म्हणून, अधिक भरला म्हणून किंवा शेजारचा पेटला म्हणून, की ९० ते १२० अंशांच्या दरम्यान प्रथम साय मोडते. साय गेली की उघडे पडलेले भरलेले ग्रॅफाइट द्रवाशी झटते आणि आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या सुमारास पडदा वितळतो. पुढे, २०० अंशांच्या आसपास, निकेल-कोबाल्टच्या जातीचे ऑक्साइड आपला प्राणवायू सोडू लागते. एव्हाना द्रवाची वाफ होऊन ती झडपेतून फुसकारत बाहेर पडत असते, आणि बाहेर हवा व ठिणगी मिळाली की ज्वाळा. म्हणजे द्रव हा आग लावणारा नव्हे. तो आगीला मिळणारे सर्पण आहे.

मग सर्पणच न पेटणारे का करू नये? हा प्रयत्न पुष्कळांनी केला. ट्रायमेथिल फॉस्फेट हा फॉस्फरस असलेला द्रावक घातला की ज्वाळा विझते. पण ती विझण्याइतका घालायचा तर चिमूट पुरत नाही; पाव-पाव भाग लागतो. आणि तेवढा घातला की प्रॉपिलीन कार्बोनेटाची जुनी कहाणी पुन्हा सुरू होते : साय नीट धरत नाही आणि ग्रॅफाइट सोलून निघते. २०१८ साली जपानी संशोधकांनी एक युक्ती दाखवली. त्यांनी अशा द्रावकात एक निराळे मीठ इतके दाट घातले, की मोकळा द्रावक जवळजवळ उरलाच नाही, आणि मग साय द्रावकाची न धरता मिठाचीच धरली. द्रव पेटत नाही, ग्रॅफाइटही टिकते. पण इतका दाट द्रव मंद वाहतो, आणि एवढे मीठ महागही पडते. आणि आता पाहिलेला क्रम आठवला तर हेही दिसेल, की न पेटणाऱ्या द्रवाने ज्वाळा थांबेल. साय मोडणे आणि ऑक्साइडने प्राणवायू सोडणे त्याने थांबेलच असे नाही.

तात्पर्य, या द्रवाकडून आपण चार गोष्टी एकदम मागतो : मीठ विरघळव, थंडीत वाहा, साय धर आणि पेटू नकोस. एकेक मागणी पुरवणारे द्रावक आहेत, चारही पुरवणारा आजवर गवसलेला नाही. म्हणूनच तो मिश्रण असतो, आणि प्रत्येक मिश्रण म्हणजे अमुक एका हवामानासाठी केलेली तडजोड असते. लेहच्या हिवाळ्यासाठी केलेला घट आणि नागपूरच्या उन्हाळ्यासाठी केलेला घट एकच असावा, हा आग्रह रसायनशास्त्राला मानवणारा नाही.

घरी जाताना सोबत न्याव्यात अशा तीन गोष्टी यातून आपोआप निघतात. थंडीतून आलेला घट आधी खोलीच्या उबेला येऊ द्यावा आणि मगच भारणास लावावा. फुगलेला घट म्हणजे आत द्रव फुटून वायू झाला आहे. तो टोचू नये, दाबू नये आणि पुन्हा भरू नये. आणि घट पेटलाच तर त्याच्या धुरात आपण पाहिलेले ते आम्ल असते. म्हणून धुरापासून आधी दूर व्हावे आणि अग्निशामक दलास बोलवावे. ते लोक भरपूर पाणी मारतात ते योग्यच आहे; घटात लिथियम बहुतेक आयनरूपात असते, धातुरूपात फारसे नसते, आणि साय मोडण्याची साखळी एका घटातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून थंड करणे हाच खरा उपाय असतो.